आठवड्याचा सरासरी भाव खरा किती?

लासलगाव बाजार समितीतला कांद्याचा रोजचा बाजार चार आकड्यांत मावतो: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. हेच चार आकडे समितीच्या फलकावर लागतात, राज्य कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळावर जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतात आणि त्याआधीच गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेले असतात. आठवडा संपला की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन आणखी तीन आकडे तयार होतात. आठवड्याचा सरासरी भाव, सर्वांत जास्त भाव आणि सर्वांत कमी भाव. चाळीत दोनशे क्विंटल उन्हाळ कांदा भरून ठेवलेला शेतकरी 'आता काढावा की आणखी पंधरा दिवस थांबावं' हे ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक वेळा हेच तीन आकडे असतात. त्यामुळे ते कसे निघतात, त्यांतल्या कशावर किती विसंबायचं, हे नीट कळायला हवं. तीच गोष्ट इथे कांद्याच्या उदाहरणावरून पाहू. सोयाबीन, तूर, मका यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

सुरुवात लिलावाच्या ओळीपासून करावी लागेल, कारण आकडा जन्माला येतो तो तिथे. नाशिक जिल्ह्यात कांद्याचा लिलाव वाहनागणिक होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने उभ्या राहतात. समितीचा कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो. कुणी ट्रॉलीत हात घालून आतला कांदा वर काढतो, आकार बघतो, रंग बघतो, मान सुकली आहे का आणि वरचा पापुद्रा टिकून आहे का हे चाचपतो. मग बोली सुरू होते आणि मिनिटभरात संपतेही. बोली रुपयाने चढत जाते, म्हणून तर भाव 1,501, 2,151 असे एकावर संपलेले दिसतात. ठरलेला दर चिठ्ठीवर लिहिला जातो आणि पुढचं वाहन येतं.

पण व्यवहार इथे पुरा होत नाही. भरलेलं वाहन काट्यावर जातं, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामं होतं, रिकाम्या वाहनाचं पुन्हा वजन होतं आणि दोन्हींतल्या फरकातून मालाचं निव्वळ वजन निघतं. खळ्यावर माल ओतल्यावर वरचा कांदा एक आणि खालचा दुसरा असं निघालं, तर वांधा होतो. मग कधी दर कमी करून व्यवहार मिटतो, कधी प्रकरण समितीकडे जातं. हे सगळं पार पडल्यावर शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. म्हणजे बोलीचा दर आणि हिशोबपट्टीवरचा दर दर वेळी एकच असेल असं नाही. दिवसभराचे भाव जाहीर होतात ते सहसा लिलावात पुकारलेले असतात. खरा दर हिशोबपट्टीवरचा असतो.

आता दिवसभरात शेकडो वाहनं विकली गेली. त्यांतल्या सर्वांत स्वस्त वाहनाचा दर म्हणजे किमान आणि सर्वांत महाग वाहनाचा दर म्हणजे कमाल. हे दोन्ही आकडे प्रत्येकी एका वाहनाचे आहेत, हे लक्षात घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. किमान दराच्या वाहनात बहुधा गोल्टी असते, किंवा पावसात भिजलेला, कोंब आलेला, डागी माल असतो. कमाल दराच्या वाहनात एकसारख्या आकाराचा, गडद रंगाचा, निर्यातीला चालेल असा निवडक माल असतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी तर मुहूर्ताच्या वाहनाला मानाचा भाव दिला जातो. पहिल्या ट्रॉलीला 5,555 असा दर पुकारला आणि त्यामागून आलेल्या सगळ्या ट्रॉल्या 2,000 च्या आसपास विकल्या, तरी त्या दिवसाचा कमाल दर 5,555 असाच नोंदला जातो. आणि आठवड्याचा उच्चांकही तोच होतो.

आठवड्याचा उच्चांक म्हणजे सहा दिवसांच्या कमाल दरांतला सर्वांत मोठा आकडा. म्हणजे आठवड्यात विकल्या गेलेल्या हजारो वाहनांतलं एकच वाहन. नेमका हाच आकडा बातमीच्या मथळ्यात जातो. 'कांदा अडीच हजारांवर' वाचून एखादा शेतकरी घाईने मजूर लावून चाळ फोडतो, भाडं भरून माल बाजारात नेतो आणि तिथे त्याला 1,700 मिळतात. त्याला फसवल्यासारखं वाटतं. बाजाराने त्याला फसवलेलं नसतं; ज्या आकड्याने त्याला बोलावलं, तो आकडा त्याच्या मालाचा नव्हताच. माझं स्पष्ट मत आहे की उच्चांकी भाव मथळ्यात छापणं थांबवलं पाहिजे, किंवा त्याच ओळीत सर्वसाधारण दर तरी दिला पाहिजे.

सर्वसाधारण दर ही या चौघांतली सर्वांत कामाची आणि सर्वांत गैरसमज झालेली नोंद. तो किमान आणि कमाल यांच्या मधला दर नव्हे. त्या दिवशी सर्वांत जास्त माल ज्या दराला विकला गेला तो सर्वसाधारण दर. समजा, किमान 700 आणि कमाल 2,100 असा दिवस आहे. मधला दर काढला तर 1,400 येतो. पण मोठ्या ढिगाचा माल 1,450 ते 1,550 या पट्ट्यात विकला गेला असेल, तर सर्वसाधारण दर 1,500 च्या आसपास यायला हवा. तो काढायचा तर सगळ्या सौद्यांचे दर वजनासह मांडून कोणत्या पट्ट्यात सर्वांत जास्त क्विंटल पडले हे बघावं लागतं. गर्दीच्या दिवशी एवढं करायला कुणाला सवड नसते आणि काही ठिकाणी किमान-कमालची बेरीज करून दोनाने भागलेला आकडाच सर्वसाधारण म्हणून टाकला जातो. हे ओळखणं अवघड नाही. एखाद्या बाजाराचे आठ-दहा दिवसांचे आकडे घ्या आणि मधला दर काढून पाहा. रोजच तो सर्वसाधारण दराशी बरोबर जुळत असेल, तर तिथे नोंद होत नाही, नुसता भागाकार होतो. खरा बाजार रोज नेमक्या मध्यावर कधी उतरत नाही.

आता आठवड्याची सरासरी. इथे एक पूर्ण उदाहरण सोडवून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण बाजारात असं घडतं. सोमवारी 18,000 क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण दर 1,500 राहिला. मंगळवारी 15,000 क्विंटल, दर 1,550. बुधवारी 14,000, दर 1,600. गुरुवारी 12,000, दर 1,700. शुक्रवारी लिलाव बंद. शनिवारी जेमतेम 4,000 क्विंटल माल आला आणि दर 2,000 वर गेला. अशी चाल नेहमीची आहे. माल जास्त तिथे दर उतरतो, माल कमी तिथे दर चढतो.

सरळ सरासरी काढायची तर पाच दिवसांचे दर मिळवायचे, 8,350 येतात, पाचाने भागायचं. उत्तर 1,670 रुपये. बहुतेक तक्त्यांत हाच आकडा दिसतो. पण या हिशोबात शनिवारच्या 4,000 क्विंटलला सोमवारच्या 18,000 क्विंटलएवढंच वजन मिळालं. शनिवारी 2,000 रुपये मिळालेले शेतकरी मूठभर आणि सोमवारी 1,500 ला माल दिलेले त्यांच्या साडेचारपट. सरासरी दोघांना सारखं मोजते.

योग्य रीत अशी: प्रत्येक दिवसाचा दर त्या दिवसाच्या आवकेने गुणायचा, सगळे गुणाकार मिळवायचे आणि आठवड्याच्या एकूण आवकेने भागायचं. सोमवारचे 2 कोटी 70 लाख, मंगळवारचे 2 कोटी 32 लाख 50 हजार, बुधवारचे 2 कोटी 24 लाख, गुरुवारचे 2 कोटी 4 लाख आणि शनिवारचे 80 लाख. एकूण 10 कोटी 10 लाख 50 हजार रुपये. एकूण आवक 63,000 क्विंटल. भागाकार 1,604 रुपये. याला भारित सरासरी म्हणतात.

1,670 आणि 1,604 यांत क्विंटलमागे 66 रुपयांचा फरक. पण 63,000 क्विंटलवर तो 41 लाख 60 हजारांचा होतो. म्हणजे सरळ सरासरी सांगते की त्या आठवड्यात शेतकऱ्यांच्या हातात जवळपास 42 लाख रुपये जास्त पडले. ते पडलेले नाहीत. आणि ही चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. आवक वाढली की दर पडतो, हा बाजाराचा स्वभावच असल्यामुळे सरळ सरासरी बहुतेक आठवडे वरच्याच बाजूला झुकते. शेतकऱ्याला मिळालेला भाव कागदावर सतत थोडा जास्त दिसत राहतो.

संगणकावर हा हिशोब एका ओळीचा आहे. तक्त्यात आवक बी स्तंभात आणि सर्वसाधारण दर ई स्तंभात, सोमवार ते शनिवार दुसऱ्या ते सातव्या ओळीत असतील, तर:

```
=SUMPRODUCT(B2:B7,E2:E7)/SUM(B2:B7)
```

या सूत्राचा आणखी एक फायदा आहे. बंद दिवशी आवक शून्य असल्याने तो दिवस हिशोबातून आपोआप गळतो. सरळ सरासरीत मात्र बंद शुक्रवारच्या दराच्या जागी कुणी रिकामी चौकट न सोडता शून्य टाकलं, तर 8,350 ला सहाने भागलं जातं आणि आठवड्याचा भाव 1,392 दिसतो. म्हणजे सोमवारच्या, आठवड्यातल्या सर्वांत पडलेल्या सर्वसाधारण दरापेक्षाही 108 रुपये खाली. त्याच शून्यामुळे आठवड्याचा नीचांकही शून्य रुपये होऊन बसतो. शून्य भाव आणि भाव नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंद दिवस कांद्याच्या बाजाराला नवे नाहीत. रविवार असतोच, सणवार असतात, अमावास्येला लिलाव न करण्याची प्रथा नाशिककडे वर्षानुवर्षं चालत आली होती. त्यात धोरणांचे धक्के. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस ठप्प झाले. सप्टेंबरअखेरीस व्यापाऱ्यांच्या बंदमुळे ते पुन्हा बरेच दिवस थांबले. अशा आठवड्यांत दोनच दिवस बाजार भरलेला असेल, तर आठवड्याची सरासरी त्या दोन दिवसांची असते. तक्त्यात ती शेजारच्या पूर्ण आठवड्यांसारखीच दिसते. म्हणून आठवड्याच्या प्रत्येक ओळीत लिलाव किती दिवस झाले हा आकडा असलाच पाहिजे. तो दोन किंवा तीन असेल, तर त्या ओळीवरून काही ठरवू नये.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे आठवड्याच्या मध्येच बाजार तुटणं. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदीचा आदेश गुरुवारी निघाला आणि शुक्रवारी, 8 तारखेला, त्याने बाजार हादरला. त्या आठवड्याची सरासरी कितीही काटेकोर काढली, तरी ती बंदीआधीच्या चार दिवसांचा भाव सांगते. शनिवारी ती पाहून कुणी माल नेला असता, तर तो भाव बाजारात राहिलेलाच नव्हता. अशा वेळी आठवडा बाजूला ठेवून दिवसाचे आकडे पाहावेत.

आणखी एक सापळा आहे आणि तो अनुभवी माणसांनाही चकवतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास चाळीतला जुना उन्हाळ कांदा संपत येतो आणि खरिपाचा नवा लाल कांदा सुरू होतो. दोन्ही एकाच बाजारात, एकाच दिवशी विकले जातात. समजा, पहिल्या आठवड्यात उन्हाळ 8,000 क्विंटल आला आणि 3,000 रुपयांनी गेला, लाल 2,000 क्विंटल आला आणि 2,000 रुपयांनी गेला. दोन्ही मिळून सरासरी 2,800. काही आठवड्यांनी उन्हाळ 2,000 क्विंटलच उरला, पण दर 3,100 झाला. लाल 8,000 क्विंटल झाला आणि दर 2,100 झाला. म्हणजे दोन्ही कांदे शंभर-शंभर रुपयांनी वधारले. एकत्र सरासरी काढा. 2,300 येते. दोन्ही मालांना तेजी असताना कागदावर 500 रुपयांची मंदी! इथे भारित सरासरीही वाचवत नाही, कारण चूक गणितात नाही, दोन वेगळे माल एका ओळीत कोंबण्यात आहे. पणन मंडळाच्या तक्त्यात लाल, उन्हाळी, पांढरा, लोकल असे वेगळे रकाने असतात ते याचसाठी. आठवड्याचा गोषवारा काढताना ते वेगळेच ठेवायला हवेत. 'कांदा' एवढंच लिहिलेली सरासरी या तीन महिन्यांत निरुपयोगी असते.

एका बाजाराचं जे झालं तेच अनेक बाजारांचं. राज्याची सरासरी काढताना लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर असे हजारो क्विंटलचे बाजार आणि पन्नास क्विंटल माल येणारी तालुक्याची बाजारपेठ यांचे दर नुसते मिळवून भागले, तर उत्तराला अर्थ उरत नाही. वाशीच्या बाजाराची गोष्ट आणखी वेगळी. तिथला बराच कांदा आधी उत्पादक पट्ट्यातल्या बाजारात एकदा विकला गेलेला असतो. भाडं, हमाली, निवड, बारदान यांचा खर्च त्याच्या दरात चढलेला असतो आणि त्याची आवक दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो. उत्पादकाचा भाव हवा असेल, तर वाशी त्या बेरजेत धरू नये.

हे सगळं केवळ अभ्यासकांच्या वादाचं नाही. मध्य प्रदेश सरकारने 2017 मध्ये आठ खरीप पिकांसाठी भावांतर भुगतान योजना आणली. तीत हमीभाव आणि बाजारांतल्या दरांवरून काढलेला सरासरी दर यांतला फरक शेतकऱ्याला द्यायचा होता. या व्यवस्थेत सरासरी दर वर गेला की मदत कमी होते. एखाद्याचा माल सरासरीहून खाली विकला गेला असेल, तर त्या सरासरीखालचं नुकसान त्याचं त्यालाच सोसावं लागतं. सरासरी कशी काढली यावर तिथे थेट पैसे ठरत होते.

आकडे वापरण्याआधी दोन मिनिटं तपासले, तर बऱ्याच चुका लगेच सापडतात. सर्वसाधारण दर किमान आणि कमाल यांच्या मध्ये आहे ना, हे पहिलं बघावं. एखाद्या दिवशी दर एकदम दहापट वाढला किंवा दहाव्या हिश्शावर आला, तर शून्य कमी-जास्त पडलं असणार. 1,600 च्या जागी 16 दिसलं, तर क्विंटलऐवजी किलोचा दर टाकला गेला आहे. आवकेतही असाच घोळ होतो: क्विंटलच्या रकान्यात गोण्यांची संख्या किंवा टन पडतात आणि मग भारित सरासरी एकाच दिवसाकडे ओढली जाते. सलग तीन दिवस चारही आकडे हुबेहूब सारखे असतील, तर कालचीच नोंद पुन्हा चिकटवलेली आहे असं समजावं. अशी शंकेची नोंद अंदाजाने दुरुस्त करू नये. समितीकडून खात्री होईपर्यंत ती हिशोबाबाहेर ठेवावी आणि ठेवली आहे असं तक्त्याखाली लिहावं.

शेतकऱ्याने स्वतःसाठी करण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्या मागच्या दोन-तीन हंगामांतल्या हिशोबपट्ट्या काढाव्यात आणि प्रत्येक पट्टीवरचा दर त्याच दिवसाच्या, त्याच बाजाराच्या सर्वसाधारण दराशेजारी लिहावा. आपला माल साधारण सर्वसाधारणच्या शंभर रुपये वर जातो की दोनशे खाली, हे त्यातून कळतं. हा फरक एकदा कळला, की आठवड्याच्या सरासरीतून आपल्या ट्रॉलीला काय मिळेल याचा अंदाज बांधता येतो. कमाल दर पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा तो कितीतरी जवळचा असतो.

आणि बाजार समित्यांकडे एक मागणी. बाजार शुल्क मालाच्या किमतीवर आकारलं जातं, त्यामुळे कोणत्या दिवशी किती रुपयांचा कांदा विकला गेला हे समितीच्या दप्तरात असतंच. त्या रकमेला एकूण क्विंटलने भागलं, की सर्वसाधारण दराच्या अंदाजावर न विसंबता खरी सरासरी मिळते, वांध्यात तुटलेल्या दरासकट. रोजच्या चार आकड्यांच्या शेजारी एकूण उलाढालीचा पाचवा आकडा जाहीर करायला वेगळा खर्च नाही की नवा कायदा नको. समितीच्या पुढच्या वार्षिक सभेत शेतकऱ्यांनी हा पाचवा रकाना मागावा.